झोपेसाठी संथ संगीत आणि एएसएमआर: कुणाला मानवतं, कुणाला नाही?

रातराणी

गेले काही महिने अंथरुणाला पाठ टेकली तरी तास-तासभर डोळा लागत नाही. म्हणून 'स्लीप' नावाच्या तयार प्लेलिस्ट लावायला सुरुवात केली. सगळं संथ, मऊ वाजणारं, एकही शब्द नाही. बरीचशी ओळखीचीच गाणी, फक्त पियानोवर किंवा बासरीवर वाजवलेली. ऐकायला छान वाटतं, पण झोप मात्र येत नाही. उलट प्लेलिस्ट बंद केली तरी एखाद्या गाण्याचा मुखडा डोक्यात फिरत राहतो. एकच ओळ, परत परत.

नवऱ्याचं नेमकं उलटं. तो मोबाइलवर एएसएमआरचे व्हिडिओ लावतो. कुणीतरी माइकच्या अगदी जवळ येऊन कुजबुजतंय, ब्रश फिरवतंय, नखांनी डबीवर टकटक करतंय. पाच मिनिटांत तो गाढ झोपलेला असतो. त्याच्या इअरबडमधून झिरपणारा तो ओठांचा चपचप आवाज माझ्या कानावर पडला की माझं डोकं उठतं. किळस येते आणि रागही येतो.

एकाच खोलीत दोघांची इतकी दोन टोकं का? आणि मी नेमकं काय ऐकावं?

लहरी

तुमची प्लेलिस्ट संथ आहे असं तुम्ही म्हणता, पण ठोके मोजलेत का? मिनिटाला 60 ठोक्यांचं संगीत लागतं. हृदय त्या ठेक्याला जुळवून घेतं, मग मेंदूच्या लहरी आपोआप गाढ झोपेच्या पातळीवर उतरतात. 75-80 ठोक्यांचं गाणं कितीही मऊ वाजवलं तरी उपयोग नाही. प्रत्येक गाण्याचे ठोके दाखवणारी ॲप्स आहेत, त्यातून 60च्या आसपासची गाळून घ्या. मी तेच करतो आणि मला झोप लागते.

मंद्र

लय संथ असली की झोप येते हे सगळ्यांना लागू नाही. मी वाद्य वाजवतो. मला संगीत लावून झोपताच येत नाही. आलाप सुरू झाला की पुढची जागा कुठली घेणार याची वाट बघायला लागतो, ठेका सुरू झाला की समेची. बोटं चादरीवर चालायला लागतात. विलंबित जितकं संथ, तितकं माझं लक्ष जास्त ताणलं जातं, कारण दोन मात्रांच्या मधली जागा धरून ठेवावी लागते.

शिवाय 'संथ' म्हणून रागसंगीताचं एखादं लांब ध्वनिमुद्रण कुणी प्लेलिस्टमध्ये टाकलं, तर सुरुवात शांत असते खरी. अर्ध्या-पाऊण तासाने तेच ध्वनिमुद्रण द्रुत लयीत आणि मग 'झाला' या शेवटच्या जलद भागात गेलेलं असतं. नेमकी झोप लागायच्या वेळी. शेवट ऐकल्याशिवाय असं काही लावू नये.

अंगणवेल

चांगला धागा. माझी मुलगी अभ्यासाला बसताना असलंच काहीतरी लावते, पावसाचे आवाज वगैरे. त्याने लक्ष लागतं का झोप येते? परीक्षा जवळ आली आहे म्हणून विचारते.

पिंगळा

अंगणवेल, तो प्रश्न वेगळा आहे, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे लिहीन. इथे झोपेबद्दल लिहिते. झोपेच्या तपासण्या होतात तिथे मी बरीच वर्षं काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर.

लहरी, तुमचं अर्धं बरोबर आहे. झोपेच्या संगीतावरच्या अभ्यासांत साधारण 60 ते 80 ठोक्यांचंच संगीत वापरलं जातं, आणि जलद लयीने श्वास आणि नाडी वाढते हेही मोजलेलं आहे. पण हृदय ठोक्याला ठोका जुळवत नाही, आणि 60चा ठेका ऐकून मेंदू गाढ झोपेत उतरतो असंही होत नाही. गाढ झोप तिच्या क्रमाने येते, डोळा लागल्यानंतर. लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा 2006चा एक अभ्यास मला यासाठी फार आवडतो. वेगवेगळ्या लयीचे संगीताचे तुकडे ऐकवताना त्यांनी मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. माणसं सर्वांत सैल पडली ती त्या शांततेत, संथ संगीत चालू असतानापेक्षाही जास्त. लयीचा परिणाम संगीत शिकलेल्यांवर अधिक दिसला, म्हणजे मंद्र म्हणतात ते त्यांच्यापुरतं नाही. या अभ्यासावरून मी लोकांना एकच सांगते: संगीत संपलं पाहिजे. रात्रभर वाजत राहिलं तर त्याचा अर्धा फायदा गेला.

आता रातराणी, तुमच्या डोक्यात फिरणारी ओळ. बेलर विद्यापीठातले मायकल स्कलिन यांनी 2021 साली नेमकं हेच तपासलं. लोकांना झोपण्याआधी ओळखीची गाणी ऐकवली, काहींना शब्दांसकट आणि काहींना त्याच गाण्यांच्या फक्त वाद्यावरच्या धुना. सगळ्यांची अपेक्षा असते की शब्द नसलेलं बरं. झालं उलटं. नुसत्या धुना ऐकलेल्यांच्या डोक्यात गाणं अडकून राहण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि ज्यांच्या डोक्यात गाणं अडकलं त्यांना झोप लागायला वेळ लागला, मध्ये जागही जास्त आली. कारण समजण्यासारखं आहे. ओळखीच्या गाण्यातून शब्द काढले की गाळलेली जागा तयार होते आणि मेंदू ती भरत बसतो. प्लेलिस्ट थांबली तरी ते भरणं थांबत नाही.

तेव्हा तुमच्यासाठी ठोके मोजण्यापेक्षा हे महत्त्वाचं: ज्याचे शब्द तुम्हाला येत नाहीत, किंबहुना ज्याला शब्द कधी नव्हतेच, असं संगीत घ्या. गुणगुणता येईल अशी ठळक चाल नसलेलं. तार छेडावी आणि सूर विरून जावा अशा धाटणीचं. आणि झोपायच्या आधी एकदा दिवसा ते पूर्ण ऐका. संध्याकाळपर्यंत त्यातलं काही गुणगुणत असाल तर ते तुमच्यासाठी नाही.

शांतरस

एएसएमआरबद्दल मी लिहितो, कारण मी ते रोज ऐकतो आणि बाहेरून बघणाऱ्यांना ते विचित्र वाटतं हे मला माहीत आहे.

ज्यांना ते लागू पडतं त्यांना टाळूपासून मानेवरून पाठीत उतरणारी एक मंद झिणझिण जाणवते. मला लहानपणापासून जाणवायची. शेजारी बसलेलं कुणी मन लावून चित्र रंगवत असलं, पानं उलटत असलं, की मी तासन् तास हलायचो नाही. त्याला नाव असतं हेही ठाऊक नव्हतं. हे नावच मुळी 2010चं, जेनिफर ॲलन यांनी दिलेलं.

ज्यांना ही झिणझिण मुळातच होत नाही त्यांनी कितीही व्हिडिओ बघितले तरी ती शिकता येत नाही, असं माझं मत आहे. पण झिणझिण न होताही त्या आवाजाने शांत वाटणारी माणसं मला माहीत आहेत. कुणीतरी आपल्याकडे सावकाश, काळजीने लक्ष देतंय हा भाव त्यांना पुरतो. डोळे तपासण्याचं किंवा केस विंचरण्याचं नाटक करणारे व्हिडिओ त्यासाठीच असतात.

रातराणी, एका आवाजावरून सगळ्यावर फुली मारू नका. तोंडाचे आवाज मलाही सहन होत नाहीत. मी फक्त ब्रश आणि कापडाची सळसळ ऐकतो, बोलणं अजिबात नाही.

पिंगळा

शांतरस यांनी अनुभवातून लिहिलं त्याला जोड देते. 2018 साली जुलिया पोएरिओ आणि सहकाऱ्यांनी एएसएमआर जाणवणाऱ्यांची आणि न जाणवणाऱ्यांची नाडी व्हिडिओ बघताना मोजली. जाणवणाऱ्यांची नाडी मिनिटाला साधारण तीन ठोक्यांनी जास्त उतरली. न जाणवणाऱ्यांना तेच व्हिडिओ दाखवून तसा फायदा झाला नाही. म्हणजे 'हा व्हिडिओ झोप आणतो' असं सरसकट म्हणता येत नाही, ऐकणारा कोण आहे त्यावर ठरतं. गंमत अशी की त्याच लोकांच्या त्वचेच्या मोजणीत उत्तेजनाची खूणही दिसली. ते शांत होत होते आणि त्याच वेळी आतून सजगही होत होते. म्हणून झिणझिण फार जोरात येणाऱ्यांना मी सांगते की आवडीचा व्हिडिओ बिछान्याबाहेर, झोपेच्या अर्धा तास आधी बघा आणि बिछान्यात सौम्य काहीतरी ऐका.

चावण्याचे, ओठांचे, श्वासाचे आवाज ऐकून संताप येणं ही ओळखीची गोष्ट आहे. त्यात नाजूकपणाचा किंवा नखऱ्याचा काही संबंध नाही. एरवी जेवतानाही कुणाच्या चघळण्याने रातराणीना असंच होत असेल, तर त्यांनी कुजबुजीच्या व्हिडिओंच्या वाट्याला जाऊ नये. सवयीने हा संताप जात नाही, वाढतो. शांतरस, तुमच्याच बाबतीत दिसतं तसं, एकाच माणसाला एक आवाज सुखाचा आणि दुसरा असह्य असू शकतो. त्यामुळे ब्रशचा आवाज एकदा दिवसा ऐकून बघायला हरकत नाही. रात्री प्रयोग नकोत.

कुणकुण

संगीत संपलं पाहिजे, हे मला पटत नाही. माझ्या दोन्ही कानांत कायम बारीक शिटी वाजते. पूर्ण शांतता झाली की तीच ऐकू येते, आणि मग झोप कसली. माझ्याकडे पावसासारखा एकसुरी आवाज रात्रभर चालू असतो, तोही बऱ्याच वर्षांपासून. टायमर लावला तर आवाज थांबल्याक्षणी मला जाग येते.

पिंगळा

कुणकुण, तुमच्यासाठी तुमचंच बरोबर. कानात आवाज येणाऱ्यांना शांतता जाचते, त्यांना मागे हलकासा आवाज ठेवायला आम्हीही सांगतो. आवाज कानातल्या शिटीपेक्षा किंचित खाली ठेवा, ती पूर्ण बुडवायला जाऊ नका. आणि त्यासाठी एकसुरी आवाजच बरा, संगीत नाही, कारण संगीतात चढउतार असतात. तुम्ही तेच करता आहात. टायमर लावायचाच असला तर आवाज एकदम न तुटता हळूहळू विरणारा हवा.

रातराणी

पिंगळा, गाळलेल्या जागांचं वाचून मी थक्क झाले. माझ्या प्लेलिस्टमधली जवळजवळ सगळी गाणी मला तोंडपाठ आहेत, म्हणून तर ती निवडली होती.

आणखी एक. मला पहाटे तीनच्या सुमारास जाग येते. मग पुन्हा प्लेलिस्ट लावते. त्याचं काय करू?

पिंगळा

आधी हे बघा, तीनला जाग येते तेव्हा फोनमध्ये काही वाजत असतं का? सकाळी उठल्यावर ॲपमधला ऐकल्याचा इतिहास उघडून शेवटचं काय आणि किती वाजता वाजलं ते तपासा.

रातराणी

तपासलं. प्लेलिस्ट संपल्यावर ॲप आपणहून 'तशीच' गाणी लावत राहतं. पहाटेपर्यंत काही ना काही वाजत होतं, आणि त्यात शब्दांची, चांगल्या दणदणीत ठेक्याची गाणीही होती. मधूनमधून जाहिराती. मला वाटायचं प्लेलिस्ट संपून गप्प झाली असेल.

पिंगळा

मला हाच संशय होता. झोपेतही कान बंद होत नाहीत. एकसुरी आवाज मेंदू बाजूला टाकतो, पण अचानक बदललेला आवाज, विशेषतः माणसाचा, त्याला हलवतो. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच उथळ असते, म्हणून जाहिरातीचा धक्का एकला बसला तर कळत नाही आणि तीनला जाग येते. तुमच्या जागेमागे तेवढंच कारण आहे असं मी म्हणत नाही, पण ते आधी काढून टाकू.

असं करा. आपोआप पुढचं लावण्याची सोय बंद करा. 45 मिनिटांपुरतंच संगीत निवडा आणि ते फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे जाहिरात यायलाच नको. ॲपमध्ये झोपेचा टायमर असेल तर तो लावा. आयफोनमध्ये ॲपशिवायही जमतं: घड्याळातल्या टायमरमध्ये आवाज निवडायच्या यादीत अगदी तळाशी `Stop Playing` आहे, ते निवडलं की वेळ संपल्यावर जे वाजतंय ते थांबतं. आवाज इतका कमी ठेवा की कूस बदलताना चादर सळसळली तर संगीत क्षणभर ऐकू येऊ नये. फोन पालथा आणि हाताच्या टप्प्याबाहेर.

मग तीन आठवडे तेच 45 मिनिटांचं संगीत, रोज, त्याच वेळी. बदलायचं नाही. तीन आठवडे उगाच म्हणत नाही. हंगेरीत 2008 साली झोपेची तक्रार असलेल्या विद्यार्थ्यांना रोज 45 मिनिटं शांत अभिजात संगीत ऐकवलं, दुसऱ्या गटाला ध्वनिपुस्तकं. तीन आठवड्यांत संगीतवाल्यांची झोप सुधारली, पुस्तकवाल्यांची नाही. त्यात पहिल्याच रात्री जादू होत नाही, फरक आठवड्यागणिक वाढत जातो. पहिल्या तीन रात्रींत काही झालं नाही म्हणून लोक प्लेलिस्ट बदलतात आणि कायम शोधतच राहतात.

पहाटे जाग आली तर पुन्हा लावू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजच), तर उठून मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. नाहीतर तीनला उठून संगीत लावणं हीच सवय होते आणि पुढे त्याशिवाय झोपच लागत नाही.

लहरी

ध्वनिपुस्तकांबद्दल असहमत. माझी आई गोष्ट ऐकतच झोपते आणि उत्तम झोपते. आणि ठोक्यांबद्दलही, मला स्वतःला 60 आणि 80मधला फरक रोज जाणवतो. अभ्यासात सरासरी येते, माणूस नाही.

पिंगळा

आई झोपतात ना, मग त्यांचं काही बदलू नका. गोष्टीने मनातली काळजी बाजूला सरते, काहींना तेवढंच हवं असतं. पण पुढे काय होतं या उत्सुकतेने जागे राहणारेही आहेत. ऐकलेलीच गोष्ट पुन्हा लावणाऱ्यांना बहुधा ती अडचण येत नाही.

ठोक्यांबद्दल तुम्हाला जाणवतं ते मी खोटं म्हणणार नाही. एवढंच सांगते की लोक प्रत्यक्षात झोपायला जे लावतात त्याची मोठी मोजदाद 2023 साली प्रसिद्ध झाली, स्पॉटिफायवरच्या झोपेच्या प्लेलिस्टमधली दोन लाखांहून अधिक गाणी. बहुतेक संगीत हळू आवाजाचं, संथ, शब्दांविना निघालं. पण चांगलं ठेक्याचं, लोकप्रिय गाण्यांचं झोपेचं संगीतही त्यात भरपूर होतं. ओळखीमुळे मिळणारा निर्धास्तपणा काहींच्या बाबतीत लयीवर मात करत असावा. रातराणींना तीच ओळख नडते. यातलं कोण कुठल्या बाजूचं हे आधी सांगायची रीत अजून तरी नाही, करूनच बघावं लागतं.

दुपारवारा

कुशीवर झोपणाऱ्यांनी काय करायचं? इअरबडने कान दुखतो आणि आता आतून खाजही सुटते.

कुणकुण

रात्रभर इअरबड घालणं बंद करा. कुशीवर दाबला जाऊन कानाच्या नळीची कातडी सोलवटते, आत ओल आणि मळ कोंडतो, मग संसर्ग. खाज त्याचीच सुरुवात असू शकते, एकदा कान दाखवून घ्या. मी उशीखाली ठेवायचा चपटा स्पीकर वापरतो. मानेखाली नाही, कान जिथे टेकतो तिथे. शेजारच्याला जेमतेम ऐकू जातं. कापडी पट्ट्यात शिवलेले चपटे हेडफोनही मिळतात, पण त्यात डोकं गरम होतं.

शांतरस

एक सावधगिरी एएसएमआरवाल्यांसाठी. रोज तोच आवाज ऐकला की काही काळाने झिणझिण बंद पडते. मग लोक रात्री नवनवे व्हिडिओ धुंडाळतात, आणि त्या धुंडाळण्यातच तास जातो. मी अशा वेळी सरळ काही आठवडे बंद ठेवतो. माझ्या बाबतीत ती परत येते. सगळ्यांची येते का, मला सांगता येणार नाही. पिंगळा, तुमच्याकडे याचं काही कारण?

पिंगळा

पटण्यासारखं एकही नाही. सवयीने मेंदू दाद देईनासा होतो एवढं ढोबळ म्हणता येईल, पण मग काहींना तोच व्हिडिओ वर्षानुवर्षं कसा चालतो, हे त्यातून उलगडत नाही.

रातराणी, एक विचारायचं राहून गेलं होतं. नवरा पाच मिनिटांत झोपतो म्हणालात. रोजच? आणि घोरतो का? दिवसा कसा असतो?

रातराणी

रोजच. घोरतो, बराच. जेवण झालं की खुर्चीतच पेंगतो, पाहुण्यांसमोरसुद्धा. सकाळी डोकं जड असतं म्हणतो. पण झोपेची त्याची काहीच तक्रार नाही, 'व्हिडिओ लावला की मी आउट' हे अभिमानाने सांगतो.

पिंगळा

चांगली झोप मिळणाऱ्या माणसालाही डोळा लागायला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात. रोज पाच मिनिटांत, कुठेही, कसाही झोपणारा माणूस बहुधा झोपेचा भुकेला असतो. त्याला व्हिडिओने झोप लागते की तो भिंतीकडे बघूनही झोपला असता, हे तपासायला हवं. दोन-तीन रात्री काही न लावता झोपू द्या. तरीही तितक्याच लवकर झोपला तर श्रेय व्हिडिओचं नाही.

घोरता घोरता एकदम शांत होतो आणि मग हुंदका दिल्यासारखा किंवा धापेने श्वास घेतो असं कधी ऐकलंय? तसं असेल तर झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता आहे. त्यावर कुठलंच संगीत आणि कुठलीच कुजबुज चालत नाही. उलट कानात इअरबड असल्याने घोरणं त्याचं त्याला कधी कळतच नाही.

रातराणी

काल रात्री फोनवर ध्वनिमुद्रण केलं. शांत झाल्याच्या जागा आहेत, बऱ्याच. आज सकाळी त्याला ऐकवलं, पहिल्यांदाच गप्प झाला. व्हिडिओशिवायही तसाच लगेच झोपतो हेही दिसलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

माझं म्हणाल तर तोंडपाठ गाणी काढून टाकली, टायमर लावते, पुढची गाणी आपोआप लागणं बंद केलं. तीनची जाग बरीच कमी झाली. झोप लागायला अजून वेळ लागतो, पण डोक्यात ओळ फिरत नाही, हे मोठं आहे. ब्रशचा आवाज दिवसा ऐकून बघितला. राग आला नाही, झिणझिणही नाही, काहीच झालं नाही.

पिंगळा

मग ब्रश सोडा, तुमचे तीन आठवडे पूर्ण करा. डॉक्टरांकडे जाताना ते ध्वनिमुद्रण घेऊन जा आणि तुम्ही स्वतः सोबत जा. घोरणारा माणूस एकटा गेला की 'मला छान झोप लागते' एवढंच सांगून परत येतो. रात्रभराची तपासणी सुचवली तर पुढे ढकलू नका. आणि ती होईपर्यंत त्याला पाठीवर झोपू न देता कुशीवर झोपवा, आणि कानातले इअरबड काढायला लावा.